चाक खाली फिरवलं की पान वर का उडतं: माउसच्या एन्कोडरमधली घाण, झीज आणि सफाई

प्रश्न: ऑफिसचा साधा वायरवाला माउस आहे, दोन-अडीच वर्षं रोज वापरात. चाक खाली फिरवलं की पान चार ओळी खाली जातं आणि मध्येच एकदम वर उडी मारतं. फुंकर मारून पाहिली, ड्रायव्हर काढून परत टाकला, दुसऱ्या यूएसबीला लावला. फरक नाही. आत कचरा गेला असेल की माउसच संपला? साफ करता येतो का, आणि कसा?

उत्तर:

माउस संपलेला नाही. दोष चाकाच्या शेजारी बसलेल्या एका छोट्या भागात आहे, त्याला एन्कोडर म्हणतात. ड्रायव्हर बदलून फरक पडला नाही, कारण माउस कॉम्प्युटरला खरोखरच "वर" असं सांगतोय आणि कॉम्प्युटर ते इमानदारीने ऐकतोय. एन्कोडर साफ करता येतो. पण आत घाण आहे की झीज, हे आधी ओळखायला हवं. घाण धुऊन जाते. झीज धुऊन जात नाही, आणि अशा माउसवर तुम्ही दर महिन्याला स्क्रू उघडत बसाल.

आत काय चालतं ते नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. एन्कोडर साधारण एक सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा ठोकळा असतो, वरून पत्र्याची पकड, मध्ये षटकोनी भोक आणि खाली बोर्डात सोल्डर केलेले तीन पाय. चाकाचा षटकोनी दांडा त्या भोकात बसतो. आतल्या फिरत्या चकतीवर धातूचे पट्टे असतात आणि त्यांना घासत पत्र्याच्या बारीक लवचिक पत्त्या उभ्या असतात. विजेच्या दृष्टीने हे फक्त दोन स्विच आहेत. त्यांना अ आणि ब म्हणू. तिसरा पाय दोघांचा सामाईक.

चाक एका खाचेतून पुढच्या खाचेत टक करून गेलं की दोन्ही स्विच बदलतात, पण एकाच क्षणी नाही. खाली फिरवताना आधी अ जुळतो, मग ब. पुढच्या टकला आधी अ सुटतो, मग ब. वर फिरवताना क्रम उलटा: आधी ब, मग अ. माउसमधली चिप दिशा ओळखते ती एवढ्यावरूनच, पहिला कोण हलला यावरून.

आता अ च्या पत्तीखाली धुळीचा कण आला, किंवा पट्ट्यावर काळपट थर चढला, असं समजा. तुम्ही चाक खालीच फिरवलं. अ ने आधी जुळायला हवं होतं, पण घाणीमुळे तो अडखळला आणि काही मिलिसेकंद उशिरा जुळला. तेवढ्यात ब जुळून गेला. चिपने पाहिलं: आधी ब, मग अ. तिच्या लेखी हे "वर". पान वर उडालं. चिप चुकलेली नाही, दोन पायांतला एक उशिरा पोचला. म्हणूनच या बिघाडात चाक नुसतं काम करायचं थांबत नाही, तर बरोबर उलट्या दिशेला उडी मारतं.

घाण येते कुठून? धूळ आणि केस चाकाच्या फटीतून जातात हे खरं, पण बरीचशी घाण आतच तयार होते. पत्त्या पट्ट्यांवर घासून धातूचा बारीक चुरा पडतो, तो कारखान्यात लावलेल्या ग्रीसमध्ये मिसळतो आणि राखाडी-काळी पेस्ट होते. त्यात हवा दमट असेल तर धातूवर थर लवकर चढतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत पावसाळाभर कपाटात पडून राहिलेला माउस बाहेर काढल्यावर पहिल्याच दिवशी उड्या मारू लागतो, तो यामुळे. रोज वापरातल्या माउसमध्ये पत्त्या घासून घासून तो थर आपोआप पुसत असतात, पडून राहिलेल्यात पुसायला कोणी नसतं.

आता तपासणी. डोळ्यांनी पान हलताना बघून काही कळत नाही, मोजायला हवं. ब्राउझरमध्ये एक रिकामं पान उघडा, F12 दाबा, Console मध्ये जा आणि ही ओळ टाका. (क्रोम पहिल्यांदा पेस्ट करू देत नसेल तर तिथे `allow pasting` असं टाइप करावं लागतं.)

```
addEventListener('wheel', e => console.log(e.deltaY > 0 ? 'खाली' : 'वर'))
```

माउसचा बाण रिकाम्या पानावर ठेवा आणि चाक सावकाश, सेकंदाला साधारण दोन टक अशा गतीने, फक्त खाली फिरवा. लागोपाठ आलेली एकाच दिशेची नोंद ब्राउझर एका ओळीत धरतो आणि बाजूला आकडा वाढवत नेतो, त्यामुळे हिशेब सोपा होतो. चाकाच्या रबरावर पेनने एक ठिपका करून ठेवा. बहुतेक साध्या माउसच्या चाकाला एका पूर्ण फेरीत २४ टक असतात. तुमच्या चाकाचे एकदा बोटाने मोजून घ्या.

समजा एका फेरीत तुम्हाला "खाली ९, वर १, खाली १२" असं दिसलं. बेरीज २२. म्हणजे २४ टकांपैकी दोन गायब आणि एक उलटा. असा निकाल स्पर्श बिघडल्याचाच असतो, कारण निरोगी एन्कोडर सावकाश फिरवताना २४ ला २४ देतो. आता आणखी तीन-चार फेऱ्या घ्या आणि चूक ठिपक्याच्या कोणत्या जागी येते ते बघा. दर फेरीला वेगळ्या ठिकाणी येत असेल तर बहुधा सुटी घाण आहे. दर वेळी ठिपका त्याच जागी आल्यावर चूक होत असेल तर चकतीचा तो पट्टा तिथे खराब झालाय. तिथे थर जमलाय की धातूच घासलाय, हे सफाईनंतर कळेल.

चाक सलग पन्नास-साठ फेऱ्या जोरात फिरवून पुन्हा मोजा. चुका लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या तर घाणच आहे, ती बाजूला सरकली. काही तासांत परत येईल, पण धुतल्यावर जाईल.

एक वेगळा प्रकार मात्र नीट ओळखा. चाक फिरवताना सगळं बरोबर येतं, पण बोट उचललं की पान एक टक मागे जातं. हा स्पर्शाचा दोष नाही. खाचेचा टक देणारी स्प्रिंग किंवा प्लास्टिकचे दाते गुळगुळीत झालेत, त्यामुळे चाक दोन खाचांच्या मध्ये थांबतं आणि बोट सुटल्यावर मागे घरंगळतं. चाकाचा टक पूर्वीपेक्षा मऊ लागतो, तीच त्याची खूण. कितीही धुतलं तरी हे जाणार नाही, उलट ग्रीस धुऊन गेल्याने वाढेल. अशा वेळी थेट एन्कोडर बदलण्याकडे जा.

आता उघडणं. वायर काढा (वायरलेस असेल तर सेल काढा). साध्या माउसला बहुधा तळाशी एक किंवा दोन स्क्रू असतात. दिसत नसतील तर ते स्टिकरखाली किंवा पायाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले असतात. स्टिकरवरून अंगठ्याचं नख दाबत फिरवलं की खड्डा लागतो. पायाच्या पट्ट्या हेअर ड्रायरने थोड्या गरम केल्या की गोंद सुटतो आणि त्या न मुडपता निघतात. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. वरचं झाकण बऱ्याच माउसमध्ये पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या हुकांत अडकलेलं असतं, म्हणून मागून उचलून पुढे सरकवायचं, सरळ वर खेचायचं नाही.

चाक काढण्याआधी फोनवर एक फोटो घ्या. चाकाची एक बाजू एन्कोडरच्या भोकात असते, दुसरी बाजू मधल्या क्लिकच्या स्विचवर किंवा एखाद्या छोट्या स्प्रिंगवर टेकलेली असते. ती स्प्रिंग उडून हरवते, म्हणून माउस ताटात किंवा ट्रेमध्ये ठेवून उघडा. मोकळी बाजू किंचित उचलून चाक आडवं सरकवलं की दांडा एन्कोडरमधून निघतो. दांड्याला गुंडाळलेले केस आणि मळ चिमट्याने काढून टाका. दांड्याचे षटकोनी कोपरेही बघा. ते गोल झाले असतील तर चाक भोकात सैल हलतं, आणि मग दोष एन्कोडरचा नसून चाकाचा.

इथेच हेही दिसेल की एन्कोडर नेमका कोणत्या जातीचा आहे. चाकालाच आरपार फटी असतील आणि दोन्ही बाजूंना एक पारदर्शक, एक काळा असे दोन छोटे ठोकळे समोरासमोर उभे असतील, तर तो प्रकाशावर चालणारा आहे. त्यात घासणारा स्पर्शच नाही. फटीतले केस आणि ठोकळ्यांच्या तोंडावरची धूळ काढली, कोरड्या कापसाच्या काडीने पुसलं, की काम झालं. खाली लिहिलेलं सगळं षटकोनी भोक आणि तीन पायांच्या जातीसाठी आहे.

धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात, म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, ते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे दोन्ही मिळतात. ७० टक्क्यांचं चालतं, पण त्यात पाणी असल्याने वाळायला बराच वेळ द्यावा लागतो. हँड सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन आत चिकट राहतं. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे टाकला तर पहिले चार दिवस चाक मस्त चालतं, कारण पेस्ट पातळ होते. मग त्याच तेलकट थरात नवी धूळ बसते आणि आधीपेक्षा वाईट होतं. बाहेरूनच चाकाच्या फटीत स्प्रे मारण्याचाही उपयोग फारसा नाही. द्रव एन्कोडरमध्ये थोडाच जातो, बाकीचा वरची धूळ घेऊन बोर्डावर आणि सेन्सरच्या भिंगावर पसरतो.

बोर्ड अशा प्रकारे धरा की एन्कोडरचं भोक आकाशाकडे येईल. इन्शुलिनच्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने दोन थेंब टाका, पण भोकात नाही. भोकाभोवती फिरता भाग आणि स्थिर ठोकळा यांच्यामध्ये केसाएवढी गोल फट असते, द्रव तिथून आत जायला हवा. भोकात टाकलेला थेंब आरपार खाली पडतो आणि स्पर्शापर्यंत पोचतच नाही. सफाई करून फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच झालेला असतो.

थेंब टाकल्यावर चाकाचाच दांडा भोकात घालून दोन्ही दिशांनी तीस-तीस फेऱ्या फिरवा. घासण्याचं काम आतल्या पत्त्याच करतात, अल्कोहोल फक्त सुटलेली घाण उचलतं. मग बोर्ड उलटा करून एन्कोडर टिश्यू पेपरवर टेकवा आणि हलकेच झटका. कागदावर राखाडी डाग उमटेल. आता दुसऱ्या बाजूने दोन थेंब, पुन्हा फेऱ्या, पुन्हा टिश्यू. डाग फिका होत जाईल. कागद कोरा येईपर्यंत करा, सहसा तीन आवर्तनं पुरतात. एका दमात सिरिंज रिकामी करू नका. पेस्ट नुसती ओली होऊन जागेवरच राहते आणि जादा द्रव मधल्या क्लिकच्या स्विचमध्ये शिरतो.

वाळायला अर्धा तास द्या, पावसाळ्यात तासभर. ओल्या बोर्डाला वायर जोडू नका. अल्कोहोलने ग्रीसही धुतलं गेलंय, त्यामुळे टक कोरडा आणि जरा कर्कश लागेल. शेवटी वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर मिळाला तर काडीच्या टोकावर घेऊन त्याच फटीत एक छोटा थेंब द्या आणि दहा फेऱ्या फिरवा. याने आवाज कमी होतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे धातूवर धातू कोरडा घासणं थांबतं. हे सोडून दिलं तर सफाईनेच झीज वाढते.

झाकण लावण्याआधी बोर्ड जोडून तीच मोजणी पुन्हा करा. सावकाश पाच फेऱ्या, म्हणजे १२० टक, आणि कन्सोलमध्ये "खाली १२०" अशी एकच ओळ. एखादा "वर" आला तर अजून एक आवर्तन. तीन आवर्तनांनंतरही ठिपक्याच्या त्याच जागी चूक येत असेल, किंवा आठ-पंधरा दिवसांत उड्या परतल्या, तर निकाल झीज असा समजा. दोन-अडीच वर्षं रोज ऑफिसात चाललेल्या माउसमध्ये ही शक्यता बरीच आहे. पत्तीचा दाब कमी झालेला असतो आणि पट्ट्यावर घासून खोबण पडलेली असते.

इथे काही जण एन्कोडर जागच्या जागी उघडतात. पत्र्याच्या पकडीच्या वाकवलेल्या चिमट्या सरळ केल्या की तो दोन भागांत सुटतो. आत पट्ट्यांवर काळी वर्तुळाकार रेघ दिसते, ती कापसाच्या काडीने पुसता येते, आणि दबलेल्या पत्त्या सुईच्या टोकाने अर्धा मिलिमीटर उचलता येतात. काम होतं, पण माझा कल याकडे नाही. तो पत्रा दोन-तीनदा वाकवला की तुटतो. पत्ती जास्त उचलली तर ती पट्टा लवकर झिजवते. आणि चुकूनही पॉलिश पेपर लावू नका. पट्ट्यावरचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो निघाला की खालचा धातू लगेच काळवंडतो.

झिजला असेल तर नवा एन्कोडर लावणं सरळ पडतं. माउसच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे, पण योग्य मापाचा घेतला तरच. हे भाग ७, ८, ९, १०, ११ मिलिमीटर अशा उंचीत मिळतात. व्हर्नियरने दोन मापं घ्या: बोर्डाच्या पृष्ठभागापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत, आणि बोर्डापासून भोकाच्या मध्यापर्यंत. विकणाऱ्याच्या चित्रात उंची कोणती धरली आहे ते बघूनच मागवा. एक मिलिमीटरचा फरक पडला तरी चाक तिरकं बसतं, आणि मधलं क्लिक एकतर दाबलेलंच राहतं किंवा लागतच नाही.

दुसरी गोष्ट जातीची. काही एन्कोडरमध्ये एका टकला अ आणि ब यांचं अर्धं चक्र होतं, वर सांगितलं तसं. काहींमध्ये एका टकला पूर्ण चक्र होतं, म्हणजे दोघे जुळून सुटतातही. माउसच्या चिपला ज्याची सवय आहे तोच हवा. चुकीचा लावला तर एका टकला दोनदा सरकेल, किंवा दोन टकांना एकदा. जुना ओळखायला वायर काढून मीटर बीपवर ठेवा, सामाईक पाय आणि दुसरा एक पाय पकडा आणि टक-टक फिरवा. प्रत्येक टकावर थांबल्यावर एकाआड एक बीप आणि शांतता येत असेल तर अर्ध्या चक्राचा. प्रत्येक टकावर सारखीच स्थिती येत असेल, बीप फक्त मधल्या प्रवासात चमकून जात असेल, तर पूर्ण चक्राचा. सामाईक पाय कोणता हे बोर्डावर बघा, तो बहुधा मोठ्या ग्राउंडच्या पट्ट्याला जोडलेला असतो.

काढताना प्रत्येक पायावर आधी थोडं नवं सोल्डर चढवा. कारखान्याचं सोल्डर बहुधा बिनशिशाचं असतं आणि उशिरा वितळतं, नवं मिसळलं की लवकर सुटतं. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, एका पायावर तीन-चार सेकंदांहून जास्त नाही, आणि तांब्याच्या जाळीने सोल्डर शोषून घ्या. पाय मोकळे हलेपर्यंत एन्कोडर खेचू नका, बोर्डावरचा तांब्याचा ठिपका सोलून येतो. नवा बसवताना आधी एकच पाय डागा, चाक घालून ते सरळ आणि मोकळं फिरतंय का, मधलं क्लिक टिकटिकतंय का ते बघा, आणि मगच उरलेले दोन डागा.